साप्टिया? : तमिळ जोडीदारासाठी बोलीतली मोजकी वाक्यं

माझा नवरा त्रिचीचा. अंबडच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून नाशिकला आला आणि इथलाच झाला. लग्नानंतरच्या त्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी एक तमिळ वाक्य पाठ करून म्हणून दाखवलं : 'नान उन्नैक् कादलिक्किरेन.' शब्द बरोबर होते, व्याकरणही बरोबर होतं. तो 'छान' म्हणाला, पण चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. दोन दिवसांनी त्याने सांगितलं, की त्याच्या घरात असं कधीच कोणी बोललं नाही. असं वाक्य पुस्तकात छापलेलं असतं. आपल्याकडे तरी 'मी तुझ्यावर प्रेम करते' हे वाक्य रोजच्या बोलण्यात कितीदा येतं? आपण 'जेवलास का?' विचारतो.

तमिळमध्ये लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांत मोठं अंतर आहे. बोलीला ते पेच्चु तमिळ म्हणतात, पेच्चु म्हणजे बोलणं. पुस्तकं, बातम्या आणि भाषणं एका रूपात चालतात आणि स्वयंपाकघर दुसऱ्या रूपात. शिकवणारी पुस्तकं आणि फोनवरचे धडे बहुतेक वेळा पहिलं रूप देतात. परीक्षेला ते चालेल, जोडीदाराला ते परकं वाटतं. म्हणून खालची सगळी वाक्यं बोलीतली आहेत. संख्येने थोडी आहेत, पण तेवढी नीट आली तर दिवसभर पुरतात.

आधी कानाने लिहा

सुरुवात वहीपासून नको, आवाजापासून करा. जोडीदाराला सांगा, की हे वाक्य तू तुझ्या बहिणीशी जसं बोलशील तसंच, त्याच वेगात बोल, आणि ते फोनवर रेकॉर्ड करून घ्या. 'मला शिकव' म्हणालात तर माणूस नकळत सावकाश आणि शुद्ध बोलायला लागतो, म्हणजे पुन्हा पुस्तकी रूपच हाती येतं. रेकॉर्डिंग पाच-सहा वेळा ऐकून ते देवनागरीत उतरवा.

उतरवताना अक्षरांमागे जाऊ नका. तमिळ लिपीत व्यंजनं अठराच. आपल्या क, ख, ग, घ या चौघांना मिळून तिथे एकच अक्षर आहे. ते कधी क आणि कधी ग उच्चारायचं हे जागेवरून ठरतं : जोडाक्षरात दुहेरी आलं की क्क, अनुनासिकानंतर आलं की ग. त्यामुळे अक्षराला अक्षर लावत गेलात तर 'तंगम' (सोनं, आणि लाडाने हाक मारायचा शब्दही) तुमच्या वहीत 'तंकम' होऊन बसतो.

रोमन लिपीतले मेसेज वाचताना आपल्याकडून आणखी एक चूक होते. तमिळ माणसं 'त'साठी टी-एच टाइप करतात आणि 'द'साठी डी-एच. आपण ते थ आणि ध असं वाचतो. तमिळमध्ये महाप्राण नाहीत, ख-घ-थ-ध काहीच नाही. पहिले सहा महिने मी 'कधल' म्हणत होते, तो शब्द 'कादल' आहे.

त्याच रोमन लिपीत चार वेगळे शब्द जवळजवळ सारखे दिसतात, पण देवनागरीत लख्ख वेगळे राहतात : पत्तु म्हणजे दहा, पात्तु म्हणजे जपून, पाट्टु म्हणजे गाणं आणि पट्टु म्हणजे रेशीम. त आणि ट यांतला फरक मराठी माणसाला कोणी समजावून द्यावा लागत नाही, ळ आणि ण सुद्धा आपल्या तोंडात तयारच असतात. म्हणून मी रोमन वही टाकून दिली. तुम्हीही देवनागरीतच लिहा.

तीन गोष्टींसाठी मात्र देवनागरी अपुरी पडते. त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुस्तकी शब्दाच्या शेवटचा ऐ बोलीत झटकन म्हटलेला ए होतो. इल्लै (नाही) बोलताना 'इल्ले' होतं, उन्नै (तुला) 'उन्ने' होतं.

शेवटचा न किंवा म पूर्ण वाजत नाही, नाकात जिरतो. 'वरेन' लिहिलं तरी ऐकू येतं ते 'वरें'.

शेवटचा उ अगदी अर्धा असतो आणि ओठांचा चंबू होत नाही. आपण 'साधू', 'वाळू' म्हणताना तो लांबवतो. ती सवय 'पात्तु' म्हणताना सोडावी लागते.

पहिलं वाक्य : साप्टिया?

अर्थ 'जेवलास का?' किंवा 'जेवलीस का?' तमिळमध्ये 'तू' आणि 'मी' यांच्या क्रियापदांना लिंग नाही, त्यामुळे बायकोने नवऱ्याला विचारलं काय आणि नवऱ्याने बायकोला विचारलं काय, वाक्य एकच. शेवटचा 'आ' हा आपला 'का'. तो शब्दाला चिकटून येतो.

हे वाक्य पहिलं घेण्याचं कारण असं, की त्रिचीहून येणाऱ्या प्रत्येक फोनची सुरुवात याने होते. पुस्तकात ते 'साप्पिट्टाया' असं आहे. बोलताना मधलं 'पिट्टा' आकसून 'प्टि' होतं. म्हणून बघा : सा लांब, प् वर क्षणभर थांबा आणि लगेच टिया. 'साप-टिया' असं तोडलं की वाक्य परकं होतं.

उत्तरं दोनच शिका. 'साप्टेन' म्हणजे जेवले किंवा जेवलो, शेवटी न नाकात. 'इन्नुम इल्ले' म्हणजे अजून नाही. दुपारी दीडच्या सुमाराला त्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करून मी हे विचारायला लागले. पहिले काही दिवस तो मराठीत उत्तर द्यायचा, 'हो, जेवलो.' दुसऱ्या आठवड्यात एकदा मागे यंत्रांचा आवाज होता, तो घाईत होता आणि म्हणाला, 'इन्नुम इल्ले मा, नी साप्टिया?' आपण तमिळमध्ये बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. वाक्य जमलं की नाही याची मला सापडलेली खरी खूण हीच. समोरचा कौतुक करत असेल तर तुम्ही अजून पाठ म्हणून दाखवत आहात. तो नकळत तमिळमध्ये उत्तर देऊन मोकळा झाला, की वाक्य लागलं.

त्या 'मा'बद्दल दोन शब्द. तो अम्मातला मा आहे, पण इथे त्याचा अर्थ आई नाही. बायको, मुलगी, मैत्रीण, कोणाशीही मायेने बोलताना वाक्याच्या शेवटी येतो : सरि मा (बरं गं), वा मा (ये गं). पुरुषाशी बोलताना त्याच्या जागी 'पा' येतो. या दोघांनी कोणी दुखावत नाही. 'डा' आणि 'डि' मात्र सांभाळून. तेही आपल्या रे आणि गं सारखेच, पण धार जास्त. दोघांत प्रेमाचे असतात, चारचौघांत उद्धट वाटू शकतात. जोडीदाराने स्वतः वापरल्याशिवाय तुम्ही सुरू करू नका.

निघताना : पोय्ट्टु वरेन

हे वाक्य मराठी माणसाला शिकवावंच लागत नाही. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तमिळ घरातही तसंच. नुसतं 'पोरेन' (जातो) कानाला खटकतं. म्हणायचं 'पोय्ट्टु वरेन', म्हणजे 'जाऊन येतो' किंवा 'जाऊन येते'. पुस्तकी रूप 'पोय्विट्टु वरुगिरेन' आहे, ते विसरून जा.

घरात राहिलेल्याने उत्तर द्यायचं : 'पात्तु पो.' शब्दशः 'बघून जा', आपलं 'जपून जा'. द्वारकेच्या चौकातून दुचाकीवर जाणाऱ्या माणसाला हे रोज म्हणावंसं वाटतं. आणखी माया हवी असेल तर 'पात्तु पोय्ट्टु वा', म्हणजे जपून जाऊन ये. इथे 'पा' आखूड केलात तर 'दहा जा' असं काहीतरी होतं, म्हणून आ पुरता लांबवा.

घरी आल्यावर : काप्पि पोडवा?

दमून आलेल्या माणसाला विचारायचं 'काप्पि पोडवा?' म्हणजे 'कॉफी करू का?' 'पोडु' म्हणजे टाकणं. आपण 'चहा टाकू का?' म्हणतो, अगदी तसंच तेही कॉफी टाकतात. 'चहा टाकू का' म्हणायचं असेल तर 'टी पोडवा?'

चेहरा उतरलेला दिसला तर 'एन्न आच्चु?' म्हणजे काय झालं? आता यातला च. मराठीत दोन च आहेत, चहातला आणि चुलीतला. 'च्चु' दिसलं की आपली जीभ चुलीतल्या चकडे वळते. तमिळमध्ये इथे चहातलाच च हवा. मी कित्येक दिवस 'आत्सु' म्हणत होते आणि तो समजून घेत होता.

उत्तर बहुतेक वेळा 'ओण्णुम इल्ले' असं येतं, म्हणजे काही नाही. काही नाही म्हणजे काहीतरी आहे, हे दोन्ही भाषांत सारखंच. तेव्हा थोडं थांबून 'तले वलिक्कुदा?' विचारा, म्हणजे डोकं दुखतंय का?

आभार मानायला 'नन्ड्रि' हा शब्द पुस्तकात भेटेल. घरात तो आपल्या 'धन्यवाद'इतकाच दूरचा वाटतो. जेवण आवडलं तर त्यापेक्षा 'नल्ला इरुक्कु' म्हणा, म्हणजे छान झालंय.

मनातलं सांगताना

वाढदिवसाचं ते वाक्य कसं म्हणायला हवं होतं, तर असं : 'एनक्कु उन्ने रोम्ब पुडिक्कुम.' एनक्कु म्हणजे मला, उन्ने म्हणजे तुला, रोम्ब म्हणजे खूप आणि पुडिक्कुम म्हणजे आवडतं. 'मला तू खूप आवडतोस.' मराठीसारखीच इथेही सुरुवात 'मला'ने होते, त्यामुळे वाक्य आपल्या मनात सहज बसतं. फरक एवढाच, की आपण 'तू आवडतोस' म्हणतो आणि ते 'तुला आवडतं' अशी रचना करतात. पुडिक्कुम कोणासाठीही बदलत नाही. माणूस, सांबार, गोदाघाटावरची संध्याकाळ, सगळ्यांना तेच. लिहिताना ते 'पिडिक्कुम' असतं, बोलताना पि चा पु होतो. 'रोम्ब'मधला रो आखूड आहे, लांबवू नका.

तरुण मंडळी 'उन्ने लव् पण्रेन' असंही सर्रास म्हणतात. इंग्रजी शब्दाला 'पण्रेन' (करतो, करते) लावायचं, की झालं तमिळ क्रियापद. त्यात कमीपणा काही नाही. मला स्वतःला पुडिक्कुम जास्त आवडतं, कारण ते रोज म्हणता येतं.

सुंदर दिसतोस किंवा दिसतेस असं म्हणायला 'अळगा इरुक्के'. यातला ळ खरं तर तमिळचा तो खास वेगळा उच्चार आहे, ज्यासाठी देवनागरीत ऴ हे अक्षर केलं गेलं. जीभ मागे वळवायची, पण टाळूला टेकू द्यायची नाही. जमत नसेल तर आपला ळ बिनधास्त वापरा. तमिळनाडूच्या दक्षिण भागात कित्येक लोक तसंच बोलतात.

लाडाच्या हाकांपैकी 'सेल्लम' आणि 'कण्णा' सगळीकडे चालतात. पण जोडीदाराला लहानपणी घरात काय म्हणत, ते आधी विचारा. आईने मारलेली हाक बायकोने किंवा नवऱ्याने मारावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

नी की नींग?

आतापर्यंतचं सगळं 'नी'चं, म्हणजे तू चं. आदरार्थी रूप 'नींग', आणि क्रियापदाला 'ंग' लागतो : साप्टिया चं 'साप्टींगळा?', वा चं 'वांग', पो चं 'पोंग'. जुन्या पद्धतीच्या घरात बायको नवऱ्याला नींग म्हणते आणि हाक मारताना नाव न घेता 'एन्नंग' म्हणते. हे आपलं 'अहो'. आम्ही दोघं एकेरीवर आहोत, पण सासूबाईंसमोर काय करायचं, हा प्रश्न मला पहिल्याच भेटीत पडला. त्याला नी म्हटलं तर त्यांना खटकेल का, आणि नींग म्हटलं तर आम्हा दोघांना ते खोटं वाटेल का?

वाट सापडली ती 'साप्टाच्चा?' या रूपात. अर्थ 'जेवण झालं का?' यात तू नाही आणि तुम्हीही नाही. सासूबाईंना, नवऱ्याला, शेजारणीला, कोणालाही विचारता येतं. उत्तर 'आच्चु', म्हणजे झालं. ज्यांना आदर-एकेरीची खात्री नाही, त्यांनी या एका रूपाने सुरुवात केली तरी चालेल. मोठ्यांशी बोलताना मात्र 'ंग' लावायला विसरू नका. एकेरीत चुकून आदर आला तर कोणी रागावत नाही, उलटं झालं तर दुखावतं.

सासूबाईंना हाक काय मारायची, तेही नवऱ्याला विचारून घ्या. आमच्याकडे 'अत्ते' म्हणतात. हा शब्द आत्यालाही चालतो आणि सासूलाही, तसंच 'मामा' हा मामालाही आणि सासऱ्यालाही. आपल्याकडेही सासऱ्यांना मामंजी म्हणण्याची रीत होतीच की. काही तमिळ घरांत सुनाही सासूला 'अम्मा' म्हणतात, म्हणून अंदाजाने ठरवू नका. बोलीही गावागणिक बदलते. कोइमतूरकडचे लोक बोलण्यात 'ंग' फार पेरतात. आमचं त्रिचीचं आहे, तुमच्या जोडीदाराचं वेगळं निघालं तर त्याचंच खरं धरा.

समोरून तमिळचा पूर आला तर

एक वाक्य जमलं, की समोरचा माणूस खुशीने दहा वाक्यं बोलतो. त्या वेळी हसून मान हलवू नका, त्यातून नंतर गैरसमज होतात. 'पुरियले' म्हणजे समजलं नाही. 'मेदुवा सोल्लु' म्हणजे हळू सांग, मोठ्यांना 'मेदुवा सोल्लुंग'. ही दोन वाक्यं पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा.

आठवड्याला एकच नवं वाक्य घ्या आणि ते दिवसातल्या एका ठरावीक वेळेला बांधा. जेवणाच्या सुट्टीत साप्टिया, दार उघडताना पोय्ट्टु वरेन, गॅसपाशी काप्पि पोडवा. मी एकदा हौसेने तीस वाक्यं एका रविवारी पाठ केली होती. बुधवारपर्यंत चार उरली, आणि ती चारही अशीच वेळेला बांधलेली होती.

आपलं आणि आमचं

शेवटी एक शब्द, जो हिंदीभाषक माणसाला समजावून सांगावा लागतो आणि आपल्याला लागत नाही. मराठीत आम्ही वेगळं आणि आपण वेगळं. तमिळमध्येही तसंच : 'एंग वीडु' म्हणजे आमचं घर, ज्यात ऐकणारा नाही, आणि 'नम्म वीडु' म्हणजे आपलं घर, ज्यात ऐकणाराही आहे. मी नवऱ्याशी गंगापूर रोडवरच्या आमच्या घराबद्दल बोलताना चुकून 'एंग वीडु' म्हणायचे, कारण पुस्तकात पहिलं तेच होतं. त्याच्याच घरातून मी त्याला बाहेर काढत होते. त्याने कधी सुधारलं नाही. एकदा त्याचा फोन चालू असताना 'नम्म' कानावर पडलं, मी विचारलं, तेव्हा कळलं. जोडीदाराशी बोलताना घर, स्वयंपाकघर, गाडी, मुलं, सगळं नम्म.

गेल्या महिन्यात सासूबाईंचा फोन मी उचलला. साप्टाच्चा झालं, आच्चु झालं, आणि मग त्यांनी विचारलं, 'नम्म वीट्टुक्कु एप्पो वरींग?' आपल्या घरी कधी येताय? मी म्हटलं, 'सीक्किरम वरोम, अत्ते.' लवकर येतो.